शेजाऱ्याच्या पायव्यावरून आपल्या प्लॉटची माती कळत नाही

प्रश्न: नागपुरात बेसा रोडकडे ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे. तळमजला आणि वर एक मजला बांधायचा आहे. ठेकेदार म्हणतो, पाच फूट खोदून पाच बाय पाच फुटांचे फूटिंग घालू, शेजारच्या घरालाही तेच आहे आणि ते आठ वर्षांपासून उभे आहे. साइट इंजिनिअर मात्र माती तपासणी करूनच पायवा घाला असा आग्रह धरतात, त्यांनी तसे पत्रच लिहून दिले आहे. एवढ्या लहान घरासाठी हा खर्च खरेच गरजेचा आहे का?

उत्तर:

मी स्वतः साइट इंजिनिअर आहे आणि असे पत्र मीही अनेक घरमालकांना लिहून दिलेले आहे, त्यामुळे माझे मत कोणत्या बाजूचे असेल हे आपल्या लक्षात आलेच असेल. तरीही आपल्या इंजिनिअरच्या पत्रामागचे कारण नीट मांडतो, कारण 'माती तपासा' एवढेच सांगितले की घरमालकाला तो एक वाढीव कागद वाटतो.

माती घराचे वजन पेलेल की नाही, एवढाच प्रश्न आहे असे आपला ठेकेदार धरून चालला आहे. नागपूरच्या दक्षिण आणि पूर्व भागांतल्या लेआउटमध्ये त्याहून मोठे दोन प्रश्न असतात. पहिला असा की काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पायवा खाली बसण्याइतकाच वर उचलला जाण्याचाही धोका असतो. दुसरा असा की मुरूम किती खोलीवर लागेल हे एकाच प्लॉटच्या दोन टोकांना वेगळे असू शकते. आपल्या घराचे अर्धे कॉलम मुरुमावर आणि अर्धे काळ्या मातीत उभे राहणार असतील, तर प्रत्येक फूटिंग पाच फूट खोल असल्याचा काहीच उपयोग नाही.

हे नागपुरातच का घडते, ते थोडक्यात सांगतो. आपले शहर दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या पूर्वेकडील काठावर वसलेले आहे. पश्चिमेला, सेमिनरी हिल्सच्या उंचवट्यावर, काही ठिकाणी दोन-तीन फुटांतच मुरूम किंवा खडक लागतो, तर पूर्वेकडे बेसॉल्ट संपून खाली वेगळाच, फार जुना नाइस खडक येतो. बेसॉल्ट झिजून तयार झालेली माती सखल भागात साचत गेली आणि तिथे काळ्या मातीचा थर जाड झाला. आज जिथे लेआउट पडले आहेत, तिथे बहुतेक जागी काल-परवापर्यंत शेती होती. शेतात विहीर असते, बांध असतो, पाण्याची वाट असते. लेआउट पाडताना यांपैकी बरेच काही बुजवून सपाट केले जाते आणि वरून पाहणाऱ्याला सगळे प्लॉट सारखेच दिसतात. म्हणून माझा पहिला सल्ला बिनखर्चाचा आहे: आपल्या जागेचा जुना सातबारा काढून त्यावर विहिरीची नोंद आहे का ते पाहा, आणि लेआउटमधल्या एखाद्या जुन्या रहिवाशाला पावसाचे पाणी पूर्वी कुठून वाहत असे ते विचारा.

शेजारच्या घराविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आठ वर्षे उभे असणे आणि आठ वर्षे न हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसीसीचे घर मातीच्या हालचालीने सहसा कोसळत नाही, ते तडे देते आणि मालक दर दोन-तीन वर्षांनी ते बुजवून रंग मारतो. त्यामुळे रंगवलेल्या दर्शनी भिंतीवरून काही ठरवू नका. कंपाउंडची भिंत पाहा, मुख्य घर आणि पोर्च जिथे जुळतात तो सांधा पाहा, तळमजल्याच्या फरशीला मध्यभागी फुगवटा आहे का ते पाहा. त्याहून उपयोगी प्रश्न घरातल्या माणसांना विचारता येतो: पावसाळ्यात एखादे दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात पुन्हा मोकळे होते का? तडा उन्हाळ्यात रुंदावत असेल आणि पावसाळ्यात मिटत असेल, तर ते काळ्या मातीचे काम समजावे. भरावावर बसलेल्या घराचा तडा मात्र एकाच दिशेने वाढत जातो आणि पुन्हा मिटत नाही. अर्थात दार लाकूड फुगल्यानेही अडकते, म्हणून दार आणि तडा या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच निष्कर्ष काढावा.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. दक्षिण नागपुरातल्या एका लेआउटमधला हा प्लॉट आकाराने आपल्या प्लॉटएवढाच होता. घर तळमजला अधिक एक, कॉलम १२, पुढून मागे चार ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन, दोन कॉलमांमधले अंतर सुमारे ३.५ मीटर. ठेकेदाराचा प्रस्तावही आपल्यासारखाच होता, पाच फूट खोल आणि पाच बाय पाच.

इमारतीच्या पायासाठी जमिनीची तपासणी कशी करावी हे भारतीय मानक आयएस १८९२ मध्ये दिलेले आहे, आणि लहान इमारतीसाठी मध्यभागी एक बोअर किंवा एक चाचणी खड्डा पुरेसा ठरू शकतो, असे ते मानकच म्हणते. म्हणजे तीन बोअर घ्या असा कायदा नाही, हे मी त्या मालकांना आधीच सांगितले होते. तरीही आम्ही पुढचा एक कोपरा, मध्य आणि त्याच्या तिरकस समोरचा मागचा कोपरा, असे तीन बोअर घेतले. एका बोअरने त्या जागेची माती कळते, पण थर कोणत्या बाजूला उतरतो हे कळत नाही, आणि नागपुरात नेमके तेच कळायला हवे असते. खोलीच्या बाबतीत नियम असा धरतात की फूटिंगच्या तळाखाली किमान त्याच्या रुंदीच्या दीडपट जमीन तपासलेली असावी, कारण फूटिंगचा भार तेवढ्या पट्ट्यात प्रामुख्याने जाणवतो. आम्ही सहा मीटरपर्यंत गेलो.

निघाले ते असे. पुढच्या कोपऱ्यात १.४ मीटरवर मुरूम लागला. मध्यभागी तो २.४ मीटरवर होता. मागच्या कोपऱ्यात वरचे सुमारे ०.९ मीटर भराव होता, त्यात विटांचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही होत्या, त्याखाली काळी माती आणि मुरूम थेट ३.३ मीटरवर. जुन्या शेताचा उतार मागच्या बाजूला होता आणि तो कोणीतरी भरून काढलेला होता, एवढाच याचा अर्थ. पाच फूट म्हणजे सुमारे १.५ मीटर. ठेकेदाराच्या पद्धतीने गेलो असतो तर पुढची फूटिंगे मुरुमावर टेकली असती आणि मागच्या फूटिंगांखाली जवळपास १.८ मीटर काळी माती उरली असती.

प्रयोगशाळेत काळ्या मातीच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांपैकी मुक्त फुगवण निर्देशांकाची चाचणी घरमालकाने समजून घ्यावी अशी आहे, कारण ती साधी आहे आणि तिचा आकडा लगेच कळतो. कोरडी करून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या मोजपात्रांत घेतात. एका पात्रात पाणी भरतात, दुसऱ्यात केरोसीन. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. किमान २४ तासांनंतर दोन्हींतले मातीचे आकारमान वाचतात. आमच्या नमुन्यात केरोसीनमधली माती १० मिलिलिटर आणि पाण्यातली १९ मिलिलिटर भरली. फरक ९, त्याला केरोसीनमधल्या १० मिलिलिटरने भागून टक्केवारी काढली की निर्देशांक ९० टक्के. आयएस १४९८ नुसार ५० टक्क्यांखाली फुगवण कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि त्यापुढे फार जास्त मानली जाते. म्हणजे आमची माती मध्यम वर्गाच्या वरच्या टोकाला होती. 'मध्यम' या शब्दाने निश्चिंत होऊ नये, कारण त्याच मातीचा फुगवण दाब वेगळ्या चाचणीत प्रति चौरस मीटर ११ टन आला. माती फुगू पाहत असताना तिला जागच्या जागी दाबून धरण्यासाठी लागणारा दाब, असा या आकड्याचा अर्थ आहे.

आता हा आकडा कॉलमांच्या भारापुढे ठेवून पाहू. मधल्या एका कॉलमवर सुमारे १२ चौरस मीटर क्षेत्राच्या दोन स्लॅबचा आणि भिंतींचा मिळून अंदाजे ३५ टन भार येतो. पाच बाय पाच फुटांच्या फूटिंगचे क्षेत्र २.२५ चौरस मीटर, म्हणून खालच्या मातीवर दाब सुमारे १५.५ टन प्रति चौरस मीटर. त्या काळ्या मातीची सुरक्षित भारक्षमता अहवालात ८ टन होती. म्हणजे हा कॉलम पावसाळ्यात माती मऊ झाल्यावर खाली बसण्याच्या बाजूने जाणार. आता मागच्या कोपऱ्यातला कॉलम घ्या. त्याच्याकडे मधल्या कॉलमच्या एक-चतुर्थांश क्षेत्र येते, बाहेरच्या भिंती धरून भार साधारण १२ टन. त्याच मापाच्या फूटिंगवर दाब फक्त ५.३ टन. माती ११ टनांपर्यंत रेटा देऊ शकते आणि वरून दाबणारे ५.३ टनच आहेत, म्हणजे हा कॉलम वर उचलला जाण्याच्या बाजूने जाणार. प्रयोगशाळेतला फुगवण दाब ही वरची मर्यादा असते, प्रत्यक्षात मातीला बाजूने थोडी वाट मिळते आणि रेटा कमी भरतो, हे खरे. तरीही एकाच घरातला एक कॉलम खाली आणि दुसरा वर जाऊ पाहतो ही गोष्ट बदलत नाही, आणि बीममधले, भिंतीमधले तिरके तडे त्यातूनच येतात.

यातून आणखी एक गोष्ट दिसते, जी ठेकेदारांना पटवणे सर्वांत कठीण जाते. 'घर लहान आहे, वजनच किती असणार' हा युक्तिवाद काळ्या मातीत उलटा पडतो. पाच मजली इमारत आपल्या वजनाने फुगणाऱ्या मातीला बऱ्याच अंशी दाबून धरते. एकमजली घर, पोर्च, बाहेरचा जिना, कंपाउंडची भिंत आणि जमिनीवर थेट टाकलेली फरशी यांना ते साधत नाही. नागपुरात फिरताना सर्वांत जास्त तडे कंपाउंडच्या भिंतींना दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

मग त्या घराचे काय केले? सगळी फूटिंगे मुरुमापर्यंत नेली. मुरुमाची भारक्षमता अहवालाने २५ टन दिली होती, म्हणून मधल्या कॉलमला १.४ चौरस मीटर क्षेत्र पुरले आणि फूटिंग पाच फुटांवरून चार फुटांवर आले. पुढची ओळ १.६ मीटरवर, त्यामागच्या ओळी २.१ आणि २.८ मीटरवर आणि शेवटची ३.६ मीटरवर, अशा पायऱ्या केल्या. शेजारशेजारची दोन फूटिंगे वेगळ्या खोलीवर असतील तर वरच्या फूटिंगचा भार खालच्यावर येऊ नये म्हणून त्यांच्या कडा जोडणारी रेषा फार तीव्र नसावी लागते. आयएस १९०४ मध्ये ही मर्यादा आडवे दोन तर उभे एक अशी आहे. आमच्या ओळींत ५० ते ८० सेंटिमीटरचा उतार आणि सुमारे २.३ मीटरचे मोकळे अंतर होते, त्यामुळे ती सहज पाळली गेली. मागच्या ओळीचे खोदकाम आणि कॉलमची लांबी वाढली, फूटिंगांचे काँक्रीट मात्र सर्वत्र कमी झाले. एकूण खर्च वाढलाच, पण ठेकेदाराने 'सगळीकडेच बारा फूट खोदू' असे म्हटल्यावर जो आकडा आला होता, त्यापेक्षा तो बराच कमी होता. पुढची बाजू १.६ मीटरवर थांबवता येते, ही बचतही तपासणीनेच दाखवून दिली होती.

प्लिंथ बीमच्या बाबतीत एक तपशील नकाशावर ठळक लिहून घेतला होता आणि तो आपणही लिहून घ्यावा. काळ्या मातीवर बीम थेट टेकवून ओतला तर पायवा मुरुमापर्यंत नेऊनही माती बीमला खालून ढकलते. म्हणून बीमच्या तळाखाली किमान ८० मिलिमीटर पोकळी ठेवतात. मिस्त्री ही पोकळी 'नंतर' मातीने भरून टाकतात, कारण त्यांना ती अपुरे काम वाटते. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी आणि त्यानंतर भराईच्या दिवशीही तिथे कोणीतरी उभे असले पाहिजे.

मुरूम याहून खोल गेला असता तर मार्ग बदलला असता. काळ्या मातीत ऋतूनुसार ओलावा बदलण्याचा पट्टा आपल्याकडे साधारण साडेतीन मीटरपर्यंत धरतात, आणि म्हणूनच खोल काळ्या मातीतल्या अंडर-रीम्ड पाइलची किमान लांबी आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात ३.५ मीटर ठेवलेली आहे. हा पाइल म्हणजे खाली फुगीर बल्ब असलेला काँक्रीटचा खांब. बल्ब न हलणाऱ्या मातीत अडकतो आणि वरची माती कितीही फुगली तरी खांब सुटत नाही. रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्या देशातील काळ्या मातीसाठीच विकसित केले. चार मीटरच्या पुढे उघडे खोदकाम करण्यापेक्षा, विशेषतः शेजारचे घर भिंतीला लागून असताना, मी हाच मार्ग सुचवतो.

'काळी माती काढून मुरूम भरू' हा तिसरा मार्ग फार लोकप्रिय आहे, त्यामुळे त्याविषयी दोन शब्द. फूटिंगच्या खड्ड्यात मोकळा मुरूम भरला की त्यातून पाणी सहज झिरपते, पण खड्ड्याच्या भिंती आणि तळ काळ्या मातीचेच असल्यामुळे ते पाणी पुढे जात नाही. खड्ड्याचे हौद होतात आणि पायव्याभोवतीची माती दिवाळीपर्यंत ओली राहते. बदली थर द्यायचाच असेल तर तो न फुगणाऱ्या पण चिकट, पाणी अडवणाऱ्या मातीचा, थराथराने दाबून आणि पुरेसा जाड असावा लागतो. मुंबई आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी या पद्धतीवर मोठे काम केले. ती कालवे आणि रस्ते यांच्या कामांत उपयोगी ठरली आहे, परंतु शहरातल्या लहान प्लॉटवर योग्य माती आणून ती नीट दाबण्याची शिस्त मला क्वचितच दिसली आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण प्रत्येक घराला तीन बोअर लागतात असे माझे म्हणणे नाही. आपला प्लॉट पश्चिमेकडच्या उंचवट्यावर असता आणि चारही कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घेतल्यावर तीन-चार फुटांत सारखा, टणक मुरूम दिसला असता, तर मी प्रयोगशाळेचा आग्रह धरला नसता. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्वतः खड्ड्यात उतरून पाहिले की काम भागले असते. बेसा रोडच्या बाजूला मला तशी आशा कमी वाटते, पण स्वस्तातली पहिली पायरी आपणही घेऊ शकता. बांधकामाच्या पाण्यासाठी आपण बोअरवेल करणारच असाल. ती करताना केसिंग पाइप किती फूट गेला ते विचारून लिहून ठेवा. केसिंग साधारणपणे मऊ थर संपून खडक लागेपर्यंत घालतात, त्यामुळे शेजारच्या दोन-तीन घरांच्या केसिंगचे आकडे मिळाले तर वरचा थर किती जाड आहे याचा ढोबळ अंदाज येतो. मात्र यातून माती किती फुगते ते कळत नाही आणि मुरूम कुठे सुरू होतो तेही अचूक कळत नाही, म्हणून हा अंदाज तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

जेसीबीचा चालक 'खडक लागला' म्हणाला तर लगेच थांबू नका. बेसॉल्ट झिजताना त्यात गोल, कांद्यासारख्या पापुद्र्यांचे मोठे गोटे उरतात आणि त्यांच्या भोवती, कधी खालीही, मऊ माती असते. खड्ड्याच्या तळाशी गोट्याचे टोक दिसते आणि फूटिंग त्यावर बसवले जाते. बोअर खडकात आणखी किमान दीड मीटर पुढे नेऊन खाली सलग खडकच आहे याची खात्री करणे, हाच यावरचा उपाय आहे.

तपासणी केव्हा करावी यालाही महत्त्व आहे. मे महिन्यात काळी माती वाळून इतकी कडक होते की बोअरमध्ये ठराविक वजनाचा हातोडा मारून जी प्रवेशन चाचणी करतात, तिचे आकडे वरच्या दीड-दोन मीटरमध्ये फसवे चांगले येतात. तीच माती ऑगस्टमध्ये पाणी पिऊन निम्म्याहून कमी आकडा देऊ शकते. आपण उन्हाळ्यात बोअर घेणार असाल तर हरकत नाही, खोदकामासाठी तोच हंगाम सोयीचा आहे. पण भारक्षमता ओल्या स्थितीतील ताकदीवरून काढली आहे का, हा प्रश्न अहवाल देणाऱ्याला लेखी विचारा. केवळ प्लेट लोड चाचणी करून देतो असे कोणी म्हटले तर तीही पुरेशी नाही. ३० किंवा ६० सेंटिमीटरच्या प्लेटचा भार तिच्या रुंदीच्या जेमतेम दीड-दोनपट खोलीपर्यंत जाणवतो, आणि उन्हाळ्यातल्या कडक कवचावर ती प्लेट ठेवली तर आकडा उत्तमच येणार.

शेवटी अहवालाविषयी, कारण पैसे देऊन निरुपयोगी अहवाल हाती येण्याचे प्रकार होतात. माझ्या पाहण्यात असे अहवाल आले आहेत ज्यांत प्लॉट क्रमांक बदलून बाकी मजकूर तसाच ठेवलेला होता आणि शेवटी '१.५ मीटरवर २० टन' एवढेच लिहिलेले होते. खऱ्या अहवालात प्रत्येक बोअरची स्वतंत्र नोंद असते: थर किती खोलीवर बदलला, कोणत्या खोलीवर नमुना घेतला, हातोड्याचे किती ठोके लागले, भूजल लागले की नाही आणि कोणत्या तारखेला. काळ्या मातीच्या जागी मुक्त फुगवण निर्देशांक, द्रवता मर्यादा आणि फुगवण दाब नसतील तर तो अहवाल नागपुरासाठी अपुरा आहे. बोअर घेताना आपण किंवा आपला इंजिनिअर हजर राहा, नमुन्यांच्या नळ्या मेणाने बंद करून त्यांवर खोली लिहिलेली पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एनएबीएल या राष्ट्रीय प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता असलेली प्रयोगशाळा किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा स्थापत्य विभाग हे दोन्ही पर्याय शहरात आहेत.

खर्चाचा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही, तो बोअरची संख्या, खोली आणि खडकात किती ड्रिलिंग करावे लागते यांवर बदलतो. आपल्या मापाच्या घरासाठी तो बहुधा एकूण बांधकाम खर्चाच्या एका टक्क्याच्या आतच राहतो. दरपत्रक मागताना बोअर तीन, प्रत्येकाची खोली सहा मीटर किंवा टणक खडकात दीड मीटर यांपैकी जे आधी येईल ते, आणि वर सांगितलेल्या चाचण्या, असे स्पष्ट लिहून मागा. नाहीतर दोन दरपत्रकांची तुलनाच करता येत नाही.

आपल्या इंजिनिअरना एवढेच सांगा की अहवाल येईपर्यंत फूटिंगची सळाख कापून ठेवू नये. आमच्या त्या साइटवर ठेकेदाराने पाच फुटांच्या मापाच्या जाळ्या आधीच बांधून ठेवल्या होत्या आणि फूटिंगे चार फुटांची ठरल्यावर त्या सगळ्या सोडून पुन्हा कापाव्या लागल्या. स्ट्रक्चरल नकाशाही अहवालानंतरच अंतिम करून घ्या आणि त्यावर प्रत्येक कॉलमच्या पायव्याची खोली स्वतंत्रपणे लिहिलेली असू द्या, शिवाय 'मुरूम लागेपर्यंत' ही अट सोबत असू द्या. तीन बोअरच्या मधल्या जागेत एखादी बुजवलेली विहीर निघालीच तर खोदकाम तिथे थांबवून निर्णय पुन्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जावा, ही अट ठेकेदाराबरोबरच्या करारात आधीच घालून ठेवा.